मीटरचे काळे आकडे, लाल काटे आणि माणशी रोजचं पाणी

प्रश्न: इंदूरला आमच्या घरी पाण्याचा मीटर बसवलाय. परवा काळे आकडे ००४१२ होते, आज ००४१४ आहेत. म्हणजे दोन दिवसांत फक्त २ लिटर? घरात आम्ही पाच जण. माणशी रोज किती लिटर पाणी लागतं, हे यावरून कसं काढायचं?

उत्तर:

दोन लिटर नाही, दोन घनमीटर. मीटरच्या तोंडावर बारीक अक्षरांत m³ असं छापलेलं असेल, ते बघा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल अशा हौदात मावतं तेवढं पाणी म्हणजे एक घनमीटर. ते बरोबर १००० लिटर भरतं. बिलावर किलोलिटर लिहिलेलं असतं तेही हेच. गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी डोळ्यांपुढे आणा. तशा साधारण दोन टाक्या पाणी तुमच्या मीटरमधून गेलं.

‘साधारण’ म्हणतोय, कारण नुसत्या काळ्या आकड्यांवरून याहून नेमकं काही सांगता येत नाही. परवा तुम्ही ००४१२ वाचलं तेव्हा तो आकडा नुकताच फिरून आलेला असेल किंवा पुढे सरकायच्या बेतात असेल. आजच्या ००४१४ चंही तसंच. त्यामुळे प्रत्यक्षात गेलेलं पाणी १००० लिटरहून थोडं जास्त किंवा ३००० हून थोडं कमी, असं काहीही असू शकतं. पाच माणसं आणि दोन दिवस धरले तर माणशी रोज १०० पासून ३०० लिटरपर्यंत कुठलंही उत्तर निघेल. अशा उत्तराचा काही उपयोग नाही, म्हणून लाल काटे वाचायला हवेत.

काळ्या आकड्यांच्या खाली छोट्या गोल तबकड्या असतात, त्यांचे काटे लाल. काळं ते पूर्ण घनमीटर आणि लाल ते घनमीटरचे तुकडे. प्रत्येक तबकडीजवळ ×0.1, ×0.01, ×0.001 असं छापलेलं असतं. पहिलीवरचा एक आकडा म्हणजे १०० लिटर, दुसरीवरचा १० लिटर, तिसरीवरचा १ लिटर. चौथी ×0.0001 ची असली तर ती सोडून द्या, घरच्या हिशेबाला तिची गरज नाही. काही मीटरांत तबकड्यांऐवजी शेवटचे तीन आकडेच लाल असतात. तिथे काळ्यांनंतर दशांशचिन्ह द्यायचं आणि सरळ वाचत जायचं.

समजा काळे आकडे ००४१४ आहेत. ×0.1 चा काटा ६ आणि ७ च्या मध्ये, ×0.01 चा ३ आणि ४ च्या मध्ये, आणि ×0.001 चा ८ वर. तर वाचन ४१४.६३८ घनमीटर, म्हणजे ४,१४,६३८ लिटर. काटा दोन आकड्यांच्या मध्ये असला की जो ओलांडून गेलाय तोच घ्यायचा. फसगत होते ती काटा आकड्यावर अगदी टेकल्यासारखा दिसतो तेव्हा. ×0.1 चा काटा ७ वर वाटतोय आणि शेजारचा ×0.01 चा काटा ९ वर आहे, तर ७ अजून यायचाय, ६ च लिहा. शेजारचा ० किंवा १ वर असेल तर ७ लिहा. ही एक चूक झाली तर एकदम १०० लिटरचा फरक पडतो. मी दर वेळी मोबाइलने मीटरचा सरळ समोरून फोटो काढतो आणि घरात बसून वाचतो. तिरकं बघितलं की काटा सरकलेला दिसतो.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या मीटरमधून जातं ते हौदात भरलेलं पाणी, तुम्ही त्या दिवशी वापरलेलं नाही. जलूदहून सुमारे ७० किलोमीटर चढत येणारं नर्मदेचं पाणी आपल्याकडे एक दिवसाआड, ठरलेल्या वेळी येतं. नळ येतात त्या दिवशी मीटर धावतो, दुसऱ्या दिवशी स्वस्थ असतो, आणि वापर मात्र दोन्ही दिवस चालूच असतो. म्हणून एखाददोन दिवसांचा हिशेब इथे हमखास चुकतो.

यावर उपाय म्हणजे स्कूटरचं अॅव्हरेज काढायची पद्धत. टाकी फुल करायची, चालवायची, पुन्हा फुल करायची. दुसऱ्यांदा जेवढं पेट्रोल मावलं तेवढंच जळलं. तसंच इथे. नळाच्या दिवशी हौद आणि गच्चीवरची टाकी दोन्ही काठोकाठ भरून बॉलकॉक बंद झाला की मीटर वाचा. मग कमीत कमी दोन आठवडे जाऊ द्या आणि पुन्हा नळाच्याच दिवशी, दोन्ही भरल्यावर वाचा. दोन वाचनांतला फरक म्हणजे खरा वापर. फक्त मधल्या काळात हौद वाहून जाऊ देऊ नका, कारण वाहून गेलेलंही मीटर मोजतोच.

आमच्याकडे, लोकमान्य नगरात, पाण्याचा दाब कमी असला की हौद पुरता भरतच नाही. तेव्हा मी काठी बुडवून उरलेली जागा मोजतो. आमच्या हौदाचा तळ आतून १.५ मीटर बाय १.२ मीटर आहे, म्हणजे १.८ चौरस मीटर. त्यामुळे एक सेंटिमीटर पातळी म्हणजे १८ लिटर. एवढं एकदा काढून हौदाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलं की पुन्हा डोकं चालवावं लागत नाही.

आमचा एक पंधरवडा सांगतो. पहिलं वाचन २८७.४३६, चौदा दिवसांनी २९६.२८४. फरक ८.८४८ घनमीटर, म्हणजे ८८४८ लिटर. दुसऱ्या वेळी हौद २० सेंटिमीटर रिकामा राहिला होता. ते ३६० लिटरही आम्हीच वापरलेले, म्हणून मिळवले. एकूण ९२०८ लिटर.

याला नुसतं सहा माणसं गुणिले चौदा दिवस, म्हणजे ८४ ने भागायचं नाही. आई चार दिवस उज्जैनला मावशीकडे गेली होती, आणि आत्या व काका तीन दिवस आमच्याकडे राहिले. म्हणून ८४ मधून ४ वजा आणि ६ मिळवले तर ८६ होतात. एक माणूस एक दिवस घरी राहिला की एक, असे हे माणूस-दिवस मोजायचे. ९२०८ भागिले ८६, म्हणजे माणशी रोज १०७ लिटर. दिवसभर कामावर असणाऱ्यालाही मी पूर्ण एकच धरतो, कारण आंघोळ, कपडे आणि स्वयंपाकाचं पाणी तो घरचंच वापरतो. लग्नकार्याचा किंवा गणपतीचा आठवडा मात्र मोजणीला घेऊ नका.

आपल्या देशात जिथे भुयारी गटारं आहेत अशा शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर धरून पाण्याच्या योजना आखतात. त्या मानाने आमचे १०७ फार छान वाटले होते, आणि तिथेच मी चुकलो होतो. अंगण, झाडं आणि वरचा संडास बोरिंगच्या पाण्यावर चालतात, आणि बोरिंगचं पाणी नळाच्या मीटरमधून जातच नाही. त्याची ५०० लिटरची वेगळी टाकी त्या चौदा दिवसांत सहा वेळा भरली होती, म्हणजे ३००० लिटर. तेही ८६ ने भागले तर ३५ लिटर येतात. खरा आकडा १४२. ज्या घरी बोरिंग आहे किंवा उन्हाळ्यात टँकर येतो, त्यांनी नुसत्या मीटरवरून माणशी वापर सांगू नये. तुमच्याकडेही बोरिंग असेल तर टाकी कितीदा भरली याच्या खुणा कॅलेंडरवर करत जा, तेवढ्याने काम होतं.

मीटरवर भरवसा ठेवायचा का, हेही याच हौदावर तपासता येतं. नळ यायच्या आधी मीटर वाचा आणि हौदात काठी बुडवून पातळी घ्या. हौद भरेपर्यंत वरची मोटर चालवू नका. नंतर दोन्ही पुन्हा घ्या. आमच्या मीटरने ९०० लिटर दाखवले तेव्हा पातळी ४८ सेंटिमीटर चढली होती, म्हणजे ८६४ लिटर. फरक ३६ लिटरचा, शेकडा चार. काठी वाचताना दोन्हीकडे मिळून एका सेंटिमीटरची चूक धरली तरी त्यातले १८ लिटर तिथेच गेले. उरलेल्यात थोडी हवा असते. नळ बंद असताना रिकाम्या झालेल्या पाइपात हवा भरते, आणि पाणी आलं की ती आधी मीटरमधून बाहेर पडते. नळातून फुसफुस आवाज येतो, थेंबही पडलेला नसतो आणि मीटरमधली लाल चांदणी मात्र गरगर फिरते, तेव्हा ती हवाच. एवढ्यासाठी मीटरला दोष देऊ नका. पण फरक शेकडा दहाच्या वर आणि दर वेळी एकाच बाजूला येत असेल, तर लेखी अर्ज करून मीटर तपासून घ्या, आणि हौदाची ही मापं अर्जाला जोडा.

तुमचा आकडा २०० च्या आसपास आला तर आधी गळती शोधा. नळाला पाणी आलेलं असताना, हौद आणि टाकी भरून बॉलकॉक बंद झालेला असताना ती लाल चांदणी बघा. तरीही ती फिरत असेल तर मीटर ते हौद एवढ्या पाइपात कुठेतरी पाणी जातंय किंवा बॉलकॉक पुरता बसत नाहीये. हौदाच्या पुढची गळती मात्र चांदणी दाखवणार नाही, ती टाकीतच शोधायला हवी. रात्री सगळे झोपल्यावर टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि पहाटे कोणी उठायच्या आधी बघा. पातळी उतरली असेल तर बहुतेक वेळा दोष फ्लशच्या टाकीत निघतो. तिच्यात जिलबीत घालतात तो केशरी रंग चिमूटभर टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात केशरी पाणी उतरलं तर आतलं रबर गेलेलं असतं. पाच मिनिटांना एक लिटर एवढी बारीक धार, जी धड ऐकूही येत नाही, ती दिवसाला २८८ लिटर नेते. पाच जणांत वाटलं तर माणशी सुमारे ५८ लिटर.