बेदाण्याच्या ओलाव्यावरून एसव्हीएम: मार्जिन, C आणि कर्नल ट्रिक

प्रश्न: एसव्हीएममधलं मार्जिन आणि कर्नल ट्रिक डोक्यात शिरत नाही. जड गणित न वापरता सांगता येईल का? आमच्याकडे तासगाव-सांगली भागातल्या बेदाण्याच्या ओलाव्याचा डेटा आहे, त्यावर हे चालेल का?

उत्तर:

चालेल. एसव्हीएम म्हणजे दोन गटांमधे सीमा आखायची पद्धत. उलट तुमचाच डेटा यासाठी फार सोयीचा आहे, कारण बेदाणा दोन्ही बाजूंनी बिघडतो. जास्त सुकला की कडक होऊन वजनात मार खातो, ओला राहिला की चिकटतो आणि पुढे बुरशी धरतो. चांगला माल मधेच असतो.

समजा नऊ नमुने आहेत. ओलावा १०, ११, १२ टक्के: नापास. १४, १५, १६: पास. १८, १९, २०: पुन्हा नापास. (आकडे समजण्यापुरते सोपे घेतलेत, तुमच्या मीटरचे घाला.)

आधी मार्जिन. सध्या फक्त पास आणि ओला माल पाहा, म्हणजे १६ पर्यंत पास आणि १८ पासून नापास. सीमा १६.१ वर ठेवली काय आणि १७.९ वर ठेवली काय, हातातले सगळे नमुने बरोबरच ओळखले जातात. पण १६.१ वर ठेवली तर उद्या १६.२ चा चांगला माल नापास होईल. एसव्हीएम सीमा १७ वर ठेवतं, कारण तिथून दोन्हीकडचा सर्वांत जवळचा नमुना सारख्याच अंतरावर, एक-एक टक्क्यावर राहतो. ही दोन्हीकडची मोकळी पट्टी म्हणजे मार्जिन, आणि ती शक्य तितकी रुंद करणं हेच एसव्हीएमचं काम. पट्टीच्या काठावरचे १६ आणि १८ हे नमुने म्हणजे सपोर्ट व्हेक्टर. १९ आणि २० काढून टाकले तरी सीमा जागची हलत नाही. शेताचा बांध कुठे पडणार हे बांधाला लागून असलेल्यांवर ठरतं, गावाच्या दुसऱ्या टोकाला कोण राहतो त्यावर नाही.

आता नऊही नमुने घ्या. एका रेषेवर एकच खूण करायची आहे आणि पास माल मधे अडकलाय. खूण कुठेही करा, एका बाजूला भेसळ राहतेच. इथे सरळ सीमेचं एसव्हीएम हरतं.

म्हणून प्रत्येक आकड्यातून १५ वजा करा आणि वर्ग करा. पास नमुन्यांचे −१, ०, १ झाले, त्यांचे वर्ग १, ०, १. नापास नमुन्यांचे ±३, ±४, ±५ झाले, त्यांचे वर्ग ९, १६, २५. आलेखात आडवा अक्ष मूळ आकड्याचा आणि उभा अक्ष वर्गाचा धरला, तर पास माल खाली तळाशी आणि नापास माल दोन्ही कडांना वर जातो. मधे एक आडवी रेष सहज बसते. १ आणि ९ च्या बरोबर मधे, म्हणजे ५ वर.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. वर्ग ५ म्हणजे मूळ आकड्यात ±२.२४, म्हणून सीमा १२.७६ आणि १७.२४ वर येतात, १३ आणि १७ वर नाही. मार्जिन नव्या, उंच जागेत मोजलंय. ते परत ओलाव्यात आणलं की मधोमध राहत नाही. ही नवी जागा ठरवणारा कर्नल बदलला की सीमा थोडी सरकते ती यामुळेच.

मग यात ट्रिक कुठली? एसव्हीएमला नव्या जागेतले निर्देशांक लागतच नाहीत. त्याला फक्त दोन-दोन नमुन्यांचा डॉट प्रॉडक्ट लागतो, म्हणजे जोडीजोडीने निर्देशांक गुणून केलेली बेरीज. ३ चा नवा बिंदू (३, ९) आणि −१ चा (−१, १). डॉट प्रॉडक्ट: −३ + ९ = ६. हाच आकडा मूळ गुणाकारावरूनही मिळतो: ३ × −१ = −३, त्यात −३ चा वर्ग ९ मिळवा, ६. नवा बिंदू बनवलाच नाही, तरी उत्तर तेच. एका मापाला हे किरकोळ वाटेल. पण मापं शंभर असली की त्यांचे वर्ग आणि जोडगुणाकार मिळून हजारो होतात, आणि आरबीएफ कर्नलच्या जागेला तर अनंत मिती असतात. ती जागा प्रत्यक्ष मांडताच येत नाही, पण तिच्यातला डॉट प्रॉडक्ट एका ओळीच्या सूत्रात निघतो. त्या सूत्रालाच कर्नल म्हणतात. बोसर, गियों आणि वाप्निक यांनी १९९२ मध्ये मार्जिनला ही युक्ती जोडली.

```python
import numpy as np
from sklearn.svm import SVC

m = np.array([10, 11, 12, 14, 15, 16, 18, 19, 20])
y = np.array([0, 0, 0, 1, 1, 1, 0, 0, 0])
X = (m - 15).reshape(-1, 1)

clf = SVC(kernel="poly", degree=2, gamma=1, coef0=1, C=1)
clf.fit(X, y)
print(clf.predict([[12.7 - 15], [12.8 - 15]]))   # [0 1]
```

`coef0` लिहायला विसरू नका. न लिहिल्यास ते ० असतं आणि `degree=2` मध्ये फक्त वर्गच उरतो. त्यात १५ वजा करायचंही राहिलं तर १० ते २० चे वर्ग १०० ते ४०० होतात, क्रम जसाच्या तसा राहतो आणि पास माल पुन्हा मधेच अडकतो. कर्नल लावला तरी फरक पडला नाही, अशी तक्रार दिसली की मी आधी हेच तपासायला सांगतो.

आता खरी डोकेदुखी, म्हणजे C. समजा कुणीतरी १७.५ चा ओला नमुना चुकून पास म्हणून लिहिला. त्याचा वर्ग ६.२५, म्हणून आडवी रेष ५ वरून ७.६२५ वर चढते आणि वरच्या कोडमधल्या `C=1` ला सीमा १२.२४ आणि १७.७६ होतात. गंमत बघा, चूक ओल्या बाजूची, पण कडक बाजूची सीमाही अर्ध्या टक्क्याने ढळली, कारण रेष एकच आहे. C म्हणजे चुकलेल्या नमुन्यावरचा दंड. तो `C=0.05` केला की मॉडेल त्या एका नोंदीला चुकीचं ठरू देतं आणि सीमा साधारण १२.७७ आणि १७.२६ वर, जवळजवळ जुन्या जागी परत येतात. हाताने ग्रेड लावलेल्या डेटात अशा नोंदी असणारच, म्हणून C मोठा ठेवू नका. तो क्रॉस व्हॅलिडेशनने, ०.०१ पासून दहादहापट वाढवत निवडा.

आरबीएफ घेतलात तर `gamma` सांभाळा. तो फार मोठा झाला की प्रत्येक नमुना स्वतःपुरतं बेट बनवतो. ट्रेनिंगवर शंभर टक्के, नव्या मालावर पार घसरण. ओळखायची खूण सोपी आहे: `clf.n_support_` पाहा. जवळजवळ सगळेच नमुने सपोर्ट व्हेक्टर झाले असतील तर मॉडेलने पाठांतर केलंय (फार लहान C नेही हा आकडा फुगतो, तेव्हा दोन्ही पाहा).

ओलाव्यासोबत शंभर मण्यांचं वजन, रंगाचं माप वगैरे घालणार असाल तर आधी `StandardScaler` लावा. नाहीतर ज्या मापाचे आकडे मोठे, तेच सगळं अंतर ठरवतं आणि ओलावा असून नसल्यासारखा होतो.

काही हजार नमुन्यांपर्यंत `SVC` आरामात चालतं. लाखाच्या घरात गेलात तर वेळ नमुन्यांच्या वर्गाहूनही वेगाने वाढतो. तिथे वर्गाचा रकाना स्वतःच तयार करून `LinearSVC` वापरा. एका मापाच्या वर्गासाठी कर्नलची गरजही नाही.