थंडीत, अवकाळी पावसात बाबागाडीतलं बाळ किती गुंडाळावं?

प्रश्न: बाळ 5 महिन्यांचं आहे. डिसेंबरात सकाळी 8 ला लसीकरणाला उपकेंद्रावर न्यायचं आहे. आमच्याकडे सकाळी कडाक्याची थंडी, दुपारी ऊन. वरून आभाळ आलेलं. काय घालू?

उत्तर: तुम्हाला स्वतःला जेवढे कपडे लागतात त्याहून एक थर जास्त, एवढंच. सुती झबलं, त्यावर पूर्ण बाह्यांचा कपडा, स्वेटर, कानटोपी आणि गाडीत पायांची झिपवाली उबदार पिशवी, छातीपर्यंतच. ही पिशवी म्हणजेच एक जाड थर, त्यामुळे वर गोधडी नको. आजी हट्ट करेल, पण नकोच.

बाळाचे हात-पाय गार लागतातच, त्यावरून ठरवू नका. मानेमागे किंवा पाठीवर बोटं ठेवून पहा. तिथे ओलसर, तापलेलं लागलं तर लगेच एक थर काढा. 10 च्या सुमारास ऊन चढलं की आधी झिप उघडा, मग स्वेटर. उपकेंद्रात आत गेल्यावर टोपी आणि पिशवी दोन्ही काढायचीच, बाळ झोपलं असलं तरी.

पावसाचं कव्हर गाडीचंच, बाजूला हवेची भोकं असलेलं घ्या. फवारणीचं प्लास्टिक किंवा ताडपत्री अंगावर टाकू नका, बाळ गुदमरू शकतं. कव्हर लावलं की आत ऊब साचते, म्हणून आधीच स्वेटर काढा. आतून वाफ धरली म्हणजे हवा कमी पडतेय. सर थांबली की कव्हर काढा; उन्हात ते लावून गाडी क्षणभरही उभी करू नका.