पहिल्या सत्रात गणितात नापास झाल्यावर जादा मदतीसाठी सरांना पत्र कसे लिहावे?

प्रश्न : मी दहावीत आहे (मराठी माध्यम, राज्य मंडळ). प्रथम सत्र परीक्षेत गणित भाग १ मध्ये ४० पैकी ११ गुण मिळाले. सूत्रे पाठ आहेत, तरी उत्तरे चुकतात. सरांकडे जादा मदत मागायची आहे, पण समोर बोलायचे धाडस होत नाही. पत्र कसे लिहू?

उत्तर : मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो आणि अशी पत्रे माझ्याकडे दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर येतात. त्यांतील बहुतेकांत ‘मला गणित समजत नाही, कृपया मदत करावी’ एवढेच लिहिलेले असते. विद्यार्थ्याची तळमळ खरी असते, पण असे पत्र वाचून नेमके काय शिकवायला घ्यावे हे शिक्षकाला कळत नाही आणि ‘सराव वाढव’ याच्यापलीकडे त्याला काही सांगता येत नाही. म्हणून पत्र लिहिण्याआधी तपासलेली उत्तरपत्रिका पुढ्यात घे आणि गेलेले २९ गुण कोठे गेले, ते शोध.

ज्या प्रश्नांना हात लावला नाही ते एका बाजूला काढ आणि ज्यांची रीत बरोबर असून उत्तर चुकले ते दुसऱ्या बाजूला. तू म्हणतोस की सूत्रे पाठ आहेत, त्यामुळे दुसरा ढीग मोठा निघेल असा माझा अंदाज आहे. त्या ढिगातील प्रत्येक उदाहरणात पहिली चुकीची ओळ कोणती, ते पाहून तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मार. आमच्याकडच्या उत्तरपत्रिकांत नेहमी दिसणाऱ्या तीन चुका उदाहरणादाखल सांगतो.

निश्चयकाची किंमत काढताना 3 × 5 − (−2) × 4 हे 15 + 8 म्हणजे 23 व्हायला हवे, तेथे मुले 15 − 8 = 7 लिहितात. 12, 8, 4, … या श्रेढीचे दहावे पद 12 + 9 × (−4) = −24 आहे, परंतु कंस गाळल्यामुळे ते 12 + 9 − 4 = 17 असे होऊन बसते. x² + 3x − 18 = 0 सोडवताना मधले पद 6x − 3x असे फोडायचे असते, त्याऐवजी −6x + 3x असे फोडले जाते आणि −6 व 3 ही मुळे येण्याऐवजी 6 व −3 येतात. वरवर पाहता या तीन वेगवेगळ्या प्रकरणांतल्या तीन चुका आहेत, पण तिन्हींचे मूळ एकच आहे : ऋण संख्या कंसात न लिहिणे आणि चिन्ह शेवटी अंदाजाने ठरवणे. हे ज्या विद्यार्थ्याने स्वतः शोधले, त्याला तिन्ही प्रकरणे पुन्हा शिकण्याची गरज नसते. त्याच्याजवळ बसून कोणी तरी ओळीओळीने चिन्हे तपासायला हवी असतात, आणि ते काम शिक्षक पंधरा मिनिटांतही करू शकतो.

आता मागणीविषयी. घरी येऊन शिकवावे किंवा वेगळी शिकवणी घ्यावी, असे पत्रात लिहू नकोस, कारण शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई आहे. शाळेतच, शाळा सुटल्यावर किंवा प्रार्थनेपूर्वी, थोडा वेळ माग. दिवस दोनच असावेत आणि मुदतही ठरलेली असावी, कारण दिवाळीनंतर सराव परीक्षेपर्यंत फार आठवडे हाती उरत नाहीत आणि त्याच काळात शिक्षकांवर उरलेला अभ्यासक्रम संपवण्याचा भार असतो. मुदत नसलेल्या विनंतीला होकार देताना कोणीही कचरतो.

वरील तीन चुका तुझ्याच आहेत असे समजून पत्राचा नमुना देतो. तुझ्या उत्तरपत्रिकेत जे सापडेल ते त्यांच्या जागी घाल.

दिनांक : …………

प्रति,
माननीय गणित शिक्षक,
(शाळेचे नाव व गाव)

विषय : गणित भाग १ मधील चुका सुधारण्यासाठी शाळा सुटल्यावर थोडा वेळ मिळण्याबाबत.

आदरणीय सर,
सादर प्रणाम.

प्रथम सत्र परीक्षेत गणित भाग १ मध्ये मला ४० पैकी ११ गुण मिळाले आहेत. तपासलेली उत्तरपत्रिका मी पुन्हा पाहिली. निश्चयक, वर्गसमीकरणे आणि अंकगणिती श्रेढी या तिन्ही प्रकरणांत मी सूत्र बरोबर लिहिले आहे, परंतु ऋण संख्येची किंमत घालताना कंस गाळल्यामुळे किंवा चिन्ह चुकल्यामुळे पुढची उत्तरे चुकली आहेत. तसेच शाब्दिक उदाहरणांत समीकरण कसे मांडावे हे न कळल्यामुळे ती मी सोडून दिली.

यांपैकी चिन्हांच्या चुका मला आधी दुरुस्त करायच्या आहेत. त्यासाठी पुढील तीन आठवडे, मंगळवारी व शुक्रवारी शाळा सुटल्यावर, आपण मला पंधरा मिनिटे द्यावीत अशी विनंती आहे. सरावसंच 1.3, 2.2 आणि 3.2 मधील उदाहरणे मी घरी सोडवून आणीन. ती आपण पाहावीत आणि पहिली चूक कोठे होते ते दाखवावे. हे दिवस आपल्याला सोयीचे नसतील, तर आपण सांगाल त्या वेळी मी येईन.

उत्तरपत्रिका व चुकांची यादी सोबत जोडली आहे.

आपला आज्ञाधारक विद्यार्थी,
(नाव, इयत्ता व तुकडी, हजेरी क्रमांक)

या पत्रात आजारपण, घरची अडचण किंवा पुढच्या वेळी इतके गुण मिळवीन असे वचन यांपैकी काहीही नाही, हे तुझ्या लक्षात आले असेल. अडचण खरोखरच मोठी असेल तर ती एका वाक्यात अवश्य लिही, कारण शिक्षकाला ती कळायलाच हवी. वचन मात्र देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण गुण तुझ्या हातात नाहीत, परंतु ठरलेल्या दिवशी सोडवलेली वही घेऊन जाणे तुझ्या हातात आहे. शाब्दिक उदाहरणांचा उल्लेख केला असला, तरी मागणी चिन्हांपुरतीच ठेवली आहे. दोन्ही एकदम मागितले, तर पंधरा मिनिटांत कशालाच न्याय मिळत नाही.

पत्र वर्गात सर्वांसमोर किंवा तास संपल्यावरच्या गडबडीत देऊ नकोस. सरांचा मोकळा तास असेल तेव्हा शिक्षक खोलीत जा, ‘सर, सवडीने वाचाल का?’ एवढेच म्हण आणि उत्तरपत्रिकेसह पत्र त्यांच्या हातात दे. बोलायचे ते सगळे पत्रात आलेलेच आहे.

सरांना वेळ नसेल, तर नाराज न होता त्यांना एवढेच विचार की, वर्गातील कोणाकडून वही तपासून घेऊ. आणि उत्तराची वाट पाहत असतानाच प्रत्येक उदाहरणाचा ताळा पाहायला लाग. वरच्या समीकरणात x = 6 घातले तर 36 + 18 − 18 = 36 येते, शून्य येत नाही, म्हणजे मूळ चुकले हे तिथल्या तिथे कळते. पहिल्या मंगळवारी सरांपुढे जाताना वहीत अशी ताळा पाहिलेली उदाहरणे असली, की ज्यांचा ताळा जमला नाही, नेमक्या त्यांनाच ती पंधरा मिनिटे देता येतील.