एकटा असतो तेव्हा शहाणा असतो

“माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. घरी एकटा असला की झोपण्याआधी गॅसची कळ दोनदा बघतो, आजीचा हात धरून रस्ता ओलांडतो. परवा रात्री मित्रांबरोबर ह्यांची स्कूटर घेऊन सुपर कॉरिडॉरवर गेला, ट्रिपल सीट, आणि हात सोडून चालवताना पडला. मी कुठेतरी वाचलं की या वयात मेंदूतल्या जोडण्या कमी व्हायला लागतात. त्याच्या मेंदूत काही बिघाड असेल का? एमआरआय करून घेऊ का?”
— एक आई, इंदूर

आधी मी त्यांना वेगळंच विचारलं. पडला तेव्हा हेल्मेट होतं का? डोकं आपटलं का, क्षणभर तरी शुद्ध हरपली का, नंतर उलट्या झाल्या का? हेल्मेट नव्हतं, पण नशिबाने डोक्याला लागलंही नव्हतं. कोपर आणि गुडघा सोलवटला होता, तेवढंच. डोक्याला मार लागला असता तर त्यांना तिथूनच उठवून डॉक्टरकडे पाठवलं असतं. तसं नव्हतं, म्हणून एमआरआयचा विषय तिथेच मिटवला. किशोरवयातल्या मेंदूबद्दल जे कळलं आहे ते शेकडो मुलांच्या चित्रांची सरासरी काढून कळलं आहे. एका मुलाचं चित्र समोर धरून ‘हा हात सोडून गाडी चालवेल’ असं कुणीही वाचू शकत नाही.

मुलाला इथे ओंकार म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

जोडण्या कमी होतात हे मात्र बाईंनी बरोबर वाचलं होतं. घाबरल्या त्या ‘कमी’ या शब्दाला. त्यांचं माहेर देवासकडच्या एका गावात, शेतीवाडीचं. मी विचारलं, “पेरणी दाट झाली तर तुमचे वडील काय करायचे?” म्हणाल्या, “विरळणी. उपटून टाकायचे जास्तीची रोपं.” मग बाकीचं सांगणं सोपं गेलं.

मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींना जिथे निरोप देतात त्या जागेला सिनॅप्स म्हणतात. शिकागोत पीटर हटनलोकर यांनी वेगवेगळ्या वयांत मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूतले सिनॅप्स इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अक्षरशः मोजले. १९७९ साली त्यांनी लिहिलं की कपाळामागच्या भागात हे सिनॅप्स एक-दोन वर्षांच्या बाळात सर्वांत दाट असतात, मोठ्या माणसापेक्षा जवळजवळ दीडपट. पुढे ते सोळाव्या वर्षापर्यंत विरळ होत जातात. जी जोडणी वापरात राहते ती टिकते आणि घट्ट होते. जी पडून राहते ती काढून टाकली जाते. म्हणजे ओंकारच्या डोक्यात जे कमी होत होतं ते जास्तीचं पीक होतं.

विरळणी चालू असतानाच दुसरं काम चालतं. चेतापेशीच्या लांब तंतूवर मायलिन नावाचं चरबीयुक्त आवरण चढतं, विजेच्या तारेवर प्लॅस्टिक असतं तसं. आवरण चढलेल्या तंतूतून निरोप कित्येक पटींनी वेगात जातो आणि वेळेवर पोचतो. इथे एक बारीक गोष्ट सांगते, कारण पालक व्हॉट्सॲपवर आलेली रंगीत चित्रं घेऊन येतात. एमआरआयमध्ये किशोरवयात मेंदूचा करडा थर पातळ होताना दिसतो. तो सगळा विरळणीमुळेच पातळ होतो असं नाही. थराच्या कडेने मायलिन चढत जातं तसा तो भाग चित्रात पांढरा दिसू लागतो, त्यामुळेही करडा भाग कमी भासतो.

ही दोन्ही कामं सगळ्या मेंदूत एकाच वेळी उरकत नाहीत. हालचाल, दिसणं यांचे भाग आधी तयार होतात. थांबणं, पुढचा विचार करणं, मोह आवरणं ज्याच्याकडे आहे तो कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स शेवटच्या गटात येतो आणि त्याचं काम विशीतही चालू असतं. ‘पंचवीस पूर्ण झाली की मेंदू पूर्ण’ असं हल्ली सगळेच म्हणतात, पण पंचवीस ही काही ठाम रेघ नाही. बदल हळूहळू मंदावत जातो आणि प्रत्येकात वेगळ्या गतीने.

इथवर ऐकून बाई म्हणाल्या, “म्हणजे त्याला धोका कळतच नाही?” बहुतेक पालक इथेच चुकतात. ओंकारला धोका चांगला कळत होता.

पुढच्या शनिवारी तो एकटा आला. मी त्याच्यापुढे कागद ठेवला आणि म्हटलं, रात्री ट्रिपल सीट, हात सोडून, असं शंभर वेळा केलं तर किती वेळा पडशील? त्याने विचार करून ‘४०’ लिहिलं. तुम्हीआम्ही कदाचित त्याहून कमीच लिहू. या वयाची मुलं धोका कमी समजतात असा आपला समज असतो. प्रत्यक्षात पुष्कळदा ती तो जास्तच सांगतात. शांत बसवून विचारलं तर सोळा वर्षांचा मुलगा मोठ्या माणसाइतकाच नीट तर्क करतो.

“मग त्या रात्री?”

“त्या रात्री मोजलंच नाही, मॅडम. मागून दोघं ओरडत होते, ‘भिया, छोड़ हाथ, छोड़!’”

“तेव्हा कसं वाटत होतं?”

तो खाली बघून हसला. “भारी वाटत होतं.”

हे ‘भारी’ कुठून येतं याचा एक प्रयोग मला फार आवडतो. २००५ साली फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवायला लावली. तीन वयोगट होते: १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ च्या पुढचे. सिग्नल पिवळा झाला की कधी थांबायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. जास्त पुढे गेलं तर गुण जास्त, पण लाल झाला तर आपटी. काही जण एकटे खेळले, काहींच्या सोबत त्यांच्याच वयाचे दोन मित्र बसले. मित्र शेजारी आले की लहान गटाने धोका खूपच वाढवला. मधल्या गटाने थोडा वाढवला. २४ च्या पुढच्यांना मित्र असले काय, नसले काय, काही फरक पडला नाही.

२०११ मध्ये स्टाइनबर्ग यांच्या गटाने तसाच खेळ मेंदूचं चित्रण चालू असताना खेळवला. मित्र शेजारी नव्हते, दुसऱ्या खोलीतून पडद्यावर बघत होते. तेवढ्यानेही किशोरांच्या व्हेन्ट्रल स्ट्रायटममध्ये, म्हणजे बक्षिसाची चाहूल लागली की जागा होणाऱ्या भागात, हालचाल वाढली. मोठ्यांमध्ये ती वाढली नाही. वयात येताना हा भाग फार हळवा झालेला असतो, आणि त्याला आवरणारा कपाळामागचा भाग अजून बांधला जात असतो. एकटं असताना दोघांचं जमतं. मित्र बघत असले की पहिल्याचा आवाज इतका चढतो की दुसऱ्याचं म्हणणं वेळेत पोचत नाही. अर्थात हे ढोबळ चित्र आहे. त्याच रात्री त्याच स्कूटरवर बसायला नाही म्हणून घरी गेलेला चौथा मुलगाही त्यांच्या टोळीत होताच, आणि त्याचंही वय सोळाच.

म्हणून मी ओंकारला धोक्याचं व्याख्यान दिलं नाही. त्याऐवजी ती रात्र आम्ही दोघांनी कागदावर घड्याळ लावून मांडली. साडेनऊला घराच्या जिन्यात खुंटीवरची किल्ली घेतली, एकटाच होता. दहाला सराफ्यातल्या खाऊगल्लीत गराडू खाल्ले, चौघं. साडेदहाला चौथा घरी गेला आणि तिसरा मागे बसला. अकराच्या सुमारास सुपर कॉरिडॉरवरचा रिकामा, सरळ रस्ता. मी विचारलं, यातल्या कुठल्या ठिकाणी तू ‘नाही’ म्हणू शकला असतास? त्याने पेन्सिल कॉरिडॉरवरून मागे मागे आणली आणि जिन्यावर ठेवली. “इथे. फार तर सराफ्यात. पुढे नाही.”

मला हेच हवं होतं. पुढची सगळी आखणी जिन्यावरची केली, कॉरिडॉरवरची नाही. किल्ली खुंटीवरून वडिलांच्या कपाटात गेली. मुलावर विश्वास नाही असा याचा अर्थ वडिलांनी लावू नये, म्हणून त्यांना वेगळं बोलावलं. ते म्हणाले, “कॉलनीत सगळीच मुलं चालवतात हो.” मग त्यांना कायदा सांगितला. सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीच्या आतली बिनगियरची गाडी परवाना काढून चालवता येते. त्यांची स्कूटर त्याच्या दुपटीहून मोठी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गाडीचा गुन्हा झाला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. मेंदूच्या गप्पांना मान डोलावणारे गृहस्थ इथे खुर्चीत पुढे सरकले.

दुसरी गोष्ट ओंकारनेच सुचवली. मित्रांसमोर ‘मला भीती वाटते’ म्हणणं त्याला जमणार नव्हतं आणि ते त्याच्याकडून मागण्यात अर्थही नव्हता. मग ठरलं की अडकल्यासारखं वाटलं तर घरी फोन करून म्हणायचं, “आजीची गोळी आणायची राहिली का?” असं ऐकलं की वडिलांनी रागावून त्याला घरी बोलवायचं, म्हणजे मित्रांपुढे दोष वडिलांचा. लागलं तर घ्यायला जायचं. अट एकच: त्या रात्री एकही प्रश्न विचारायचा नाही. हवं ते सकाळी विचारा. ही अट वडिलांना सर्वांत जड गेली. पण घेऊन येताना वाटभर बोलणी बसली, तर मुलगा पुढच्या वेळी फोन करत नाही.

आणि थराराची भूक. ती नुसती दाबायला गेलं तर दुसरीकडून वाट काढते. ओंकार आठवीपर्यंत मल्लखांब करायचा, ट्यूशनसाठी बंद केला होता. तो पुन्हा सुरू करायला सांगितलं. तिथे उंची आहे, पडण्याची भीती आहे, बघणारी मुलंही आहेत, पण खाली गादी आहे आणि शेजारी वस्ताद उभे आहेत. याने स्कूटरचा मोह जातो असा माझा दावा नाही. आठवड्यातल्या चार संध्याकाळी तो कुठे आहे हे घरात कळतं, एवढं नक्की.

बाईंना जाताना मी आणखी एक सांगितलं. एकटा असतानाही तो जिवाशी खेळायला लागला, दोन-तीन तास झोपूनही दिवसच्या दिवस उसळलेला राहिला, जवळचे मित्र आणि अभ्यास एकदम सुटले, नशेचा संशय आला किंवा मरणाबद्दल बोलला, तर माझी वाट न बघता मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायचं. यातलं काहीच ‘या वयात चालायचंच’ म्हणून सोडण्यासारखं नसतं.

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. आदल्या दिवशी गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, आटोपल्यावर राजवाड्याच्या गर्दीतून ओंकारने गोळीचा फोन केला होता. वडील गेले, रंगाने माखलेल्या मुलाला मागे बसवून आणलं, वाटेत एक शब्द बोलले नाहीत. “सकाळी तरी विचारलंत का काय झालं होतं?” मी म्हटलं. “नाही विचारलं,” बाई म्हणाल्या. “पोहे खाताना त्यानेच सांगितलं.”