मोठी रक्कम पाठवण्याआधी
क्रिप्टोतले यूएसडीटी पाठवायचेत ना? मग पत्ता जुन्या व्यवहारांच्या यादीतून उचलू नकोस. पहिली-शेवटची अक्षरं जुळणारा पत्ता बनवून भामटे तो यादीत घुसवतात, म्हणून मधलीही अक्षरं ताडून बघ.

खरी गोची नेटवर्कची. ट्रॉन नेटवर्कचा `T` ने सुरू होणारा पत्ता ERC20 ला, म्हणजे इथेरियम नेटवर्कला, वॉलेट घेतच नाही. पण ERC20 आणि बीएनबी चेनचं BEP20, दोन्हींचे पत्ते `0x` नेच सुरू होतात, त्यामुळे चूक बिनबोभाट पार पडते. मी केलीये ती. व्यवहार दाखवणाऱ्या एक्स्प्लोररवर ‘Success’, एक्स्चेंजच्या खात्यात शून्य! पैसे त्याच पत्त्यावर, पण दुसऱ्याच नेटवर्कवर पडून; चावी मात्र एक्स्चेंजकडे. स्वतःचं वॉलेट असतं तर नेटवर्क बदलून दिसले असते.

आधी दहाच पाठव (एक्स्चेंजच्या किमान मर्यादेहून कमी नको, जमाच होत नाहीत). खात्यात दिसले की उरलेले त्याच पत्त्यावर, त्याच नेटवर्कने.