कर्ज बँकेकडे वळवताना हप्ता नको, मुदत बघा

प्रश्न: नाशिकच्या फ्लॅटसाठी एका गृहवित्त कंपनीचं कर्ज आहे. ३२ लाख बाकी, १४ वर्षं राहिली, फ्लोटिंग व्याजदर ८.९५ टक्के, हप्ता ३३,४७२ रुपये. एक सरकारी बँक ७.९५ टक्क्यांनी हे कर्ज स्वतःकडे घ्यायला तयार आहे आणि २० वर्षांची मुदत देऊन हप्ता २६,६६७ वर आणते म्हणते. बँकेने दिलेल्या कागदावर खर्च असा आहे: प्रोसेसिंग फी जीएसटीसह १३,२१६, वकील आणि मूल्यांकन ६,०००, स्टॅम्प ड्युटी ९,६००, नोटीस नोंदणी २,०००. बदलावं का?

उत्तर: कर्ज बदला, पण २० वर्षांची मुदत घेऊ नका. हप्त्यात ६,८०० रुपये कमी होताना दिसतात, पण त्यातला बराचसा भाग दर उतरल्यामुळे नाही, मुदत सहा वर्षांनी वाढल्यामुळे आहे. आत्ताच्या कर्जात तुम्ही एकूण सुमारे ५६.२ लाख भरणार आहात. २० वर्षांच्या नव्या कर्जात ते ६४ लाख होतात. दर एक टक्क्याने कमी, आणि तरीही पावणेआठ लाख जास्त! अर्जात मुदत १६८ महिनेच लिहून घ्या. मग हप्ता ३१,६३१ होतो, म्हणजे महिन्याला १,८४१ रुपयांची बचत.

माझं मत विचाराल तर ही बचतसुद्धा हातात घेऊ नका. सध्याचा ३३,४७२ चाच हप्ता चालू ठेवा. कर्ज साधारण १५२ महिन्यांत फिटेल, सोळा महिने आधी, आणि सुमारे ५.३७ लाख वाचतील. तो हप्ता भरायची सवय तुम्हाला आहेच. घरखर्चाची खरोखरच ओढाताण असेल तरच ३१,६३१ चा हप्ता घ्या.

आता खर्च. तुमच्या कागदावरची बेरीज ३०,८१६ होते. पहिल्या महिन्यात व्याज २,६६७ रुपयांनी कमी लागेल, त्यामुळे हा खर्च सुमारे वर्षभरात भरून निघतो. १४ वर्षं बाकी असताना हे चांगलंच आहे. हाच हिशोब चार वर्षं उरलेल्या आठ लाखांच्या कर्जाला लावला तर चित्र बदलेल: व्याजातली बचत बाकी रकमेबरोबर घटते, वकिलाची फी मात्र तशीच राहते. शिवाय दोन-तीन वर्षांत फ्लॅट विकायचा विचार असेल तर बचतीचा मोठा भाग तुमच्या वाट्याला येणारच नाही. जुन्या कंपनीला कर्ज मुदतीपूर्वी फेडल्याचा दंड द्यावा लागणार नाही, कारण व्यक्तीच्या नावावरच्या फ्लोटिंग गृहकर्जावर तो लावता येत नाही. फक्त तुमचा दर आत्ता ठरावीक काळासाठी स्थिर तर नाही ना, हे करारात बघून घ्या.

बँकेत जाण्याआधी एक अर्ज मात्र जुन्या कंपनीला करा. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाह्य दराशी जोडावी लागतात, जसा रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो. गृहवित्त कंपन्यांना ते बंधन नाही, त्यांचा मूळ दर त्या स्वतः ठरवतात. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो ६.५० वरून ५.२५ वर आणला, पण अशा कंपनीच्या जुन्या ग्राहकाला त्याचा पूर्ण फायदा मिळेलच असं नाही. ‘कर्ज दुसरीकडे नेतोय, ते पूर्ण फेडायला लागणारी रक्कम सांगणारं फोरक्लोजर लेटर द्या’ असं लेखी कळवलं की बऱ्याचदा कंपनीच कन्व्हर्जन फी घेऊन दर उतरवायला तयार होते. समजा त्यांनी ८.२५ टक्के देऊ केले आणि फी जीएसटीसह ९,४४० मागितली. मग बँकेशी फरक फक्त ०.३० टक्क्यांचा राहतो, वर्षाला साधारण ९,६०० रुपये, आणि त्यासाठी बँकेकडे जास्तीचे २१,३७६ मोजावे लागतील. ते वसूल व्हायला दोन वर्षांहून अधिक काळ जाईल. ८.२५ च्या वर मात्र थांबू नका, सरळ बँकेत जा.

बँकेच्या मंजुरीपत्रात दोन गोष्टी शोधा. पहिली, स्प्रेड, म्हणजे रेपोवर बँक किती टक्के जास्त लावते ते. ७.९५ आजचा दर आहे, रेपो वाढला की तोही वाढेल. दुसरी, कर्जात मिसळलेला विम्याचा हप्ता. मंजूर रक्कम बाकीपेक्षा लाखभराने जास्त दिसली तर बहुधा तोच असतो, आणि त्यावर १४ वर्षं व्याज चढतं. कर्जासाठी बँकेचाच विमा घ्यायची सक्ती नाही. विमा हवाच असेल तर स्वतंत्र टर्म पॉलिसी घ्या.

रक्कम जुन्या कंपनीला पोहोचल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत. कंपनीमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. म्हणून आत्ताच त्यांच्याकडून जमा कागदांची यादी सही-शिक्क्यासह मागून घ्या. बँकही ती मागेलच.