आधी दोनच मिनिटं गप्प बसा

"ताई, फादरांनी मला चर्चमधल्या सात-आठ तरुण मुलांना प्रार्थना शिकवायला सांगितलंय. प्रभूची प्रार्थना सगळ्यांना पाठ आहे, पण स्वतःच्या शब्दांत करा म्हटलं की माना खाली जातात. हातात सहा आठवडे आहेत. सुरुवात कुठून करू?" – एक वाचक, वसई

पहिले दोन आठवडे त्यांना बोलायलाच लावू नकोस. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसव आणि दोनच मिनिटं शांतता ठेव. श्वास घेताना मनात "प्रभू येशू", सोडताना "माझ्यावर दया कर", एवढंच. मन भटकणारच. भटकलं की चिडायचं नाही, पुन्हा त्याच शब्दांवर यायचं, हे आधीच सांगून ठेव. नाहीतर आपल्याला जमत नाही असं वाटून मुलं येणं बंद करतात. खोकले आणि पायांची चुळबुळ वाढली, तर वेळ वाढवू नकोस. दुसऱ्या आठवड्याअखेर पाच मिनिटं झाली तरी पुष्कळ झालं.

मग दोन आठवडे उपकारस्तुतीचे. इथे "कुटुंबाबद्दल धन्यवाद" अशी ठोकळेबाज वाक्यं येतील. तेव्हा विचार, "आज कुटुंबातल्या कोणी काय केलं?" "आईने पहाटे उठून डबा दिला" हे आलं, की तेच देवाला सांगायला लाव. रोज रात्री झोपण्याआधी अशा तीन गोष्टी. संत इग्नासने दिवसाच्या आत्मपरीक्षणाची सुरुवात आभारापासूनच केली आहे, आणि ते मला फार पटतं: आधी चुका मोजायला बसलं की माणूस देवासमोर आक्रसतो. मात्र एखाद्याच्या घरात नुकताच मृत्यू झाला असेल, तर त्याच्याकडून आभार वदवून घेऊ नकोस. त्याला तेरावं स्तोत्र दे. ते "किती काळ?" या आक्रोशानेच सुरू होतं, आणि तीही प्रार्थनाच आहे.

शेवटचे दोन आठवडे ऐकण्याचे. मार्कच्या दहाव्या अध्यायातला आंधळा बार्तीमय घे (ओवी ४६ ते ५२). सावकाश वाच, दोन मिनिटं थांब, पुन्हा वाच. मुलांच्या लक्षात येईल की पहिल्या दिवसापासून आपण जे म्हणतोय, ती यरीहोच्या रस्त्यावरची त्याचीच हाक आहे. मग येशूने त्याला विचारलेला प्रश्न, "मी तुझ्यासाठी काय करू?", तो आपल्यालाच विचारलाय असं समजून प्रत्येकाने गप्प बसायचं. उत्तर मनातल्या मनात द्यायचं. ज्याला सांगावंसं वाटेल त्याने मनात अडकून राहिलेला एखादा शब्द सांगावा. तू त्यावर प्रवचन देऊ नकोस.

कोणाला काहीच ऐकू आलं नाही, तर ते नेहमीचंच आहे. पण "देवाने नोकरी सोडायला सांगितली" असं कोणी म्हणालं, तर त्याला लगेच राजीनामा देऊ देऊ नकोस. आधी फादरांशी बोलायला पाठव.